मदत-लेखाचा मसुदा: कुठलं वाक्य कुठे जावं

प्रश्न: इंदूरच्या एका मराठी वाचनालयात मी स्वयंसेवक आहे. पुस्तकांची यादी संगणकावर चढवायला सभासदांनी आपापल्या लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड लावून घ्यावा, म्हणून खालचा मसुदा लिहिला. आमचे सचिव म्हणतात, याचे पूर्वतयारी, पायऱ्या, अपेक्षित परिणाम आणि अडचणी असे चार भाग करा. करून पाहिले, पण कुठले वाक्य कुठे घालावे तेच कळत नाही. आणि वाचूनही लोक फोन करतातच.

*«मराठीत टाइप करण्यासाठी Settings मध्ये जाऊन मराठी भाषा घ्यावी. इंटरनेट चालू पाहिजे. मराठी निवडून Install करावे, पण त्याआधी डिस्प्ले लँग्वेजची टिक काढावी नाहीतर सगळी विंडोज मराठीत होते. मग Win + Space दाबून टाइप करावे. काही जणांना फोनेटिक सोपे जाते, त्यांनी ते वेगळे घ्यावे. जुन्या फॉन्टमधल्या फाइली यात चालणार नाहीत. कीबोर्ड बदलला नाही तर परत करून पाहावे किंवा संगणक बंद करून चालू करावा.»*

उत्तर:

मीही इंदुरातच असते आणि गेली अनेक वर्षं सॉफ्टवेअरचे मदत-लेख लिहिणं हाच माझा व्यवसाय आहे. तुमच्या मसुद्यात चुकीचं जवळजवळ काही नाही. फक्त वेगवेगळ्या वेळी लागणारी माहिती त्यात एकाच परिच्छेदात आली आहे. काही वाक्यं काम सुरू करण्याआधी हवीत, काही हात माउसवर असताना, काही «झालं का?» हे बघताना आणि काही अडकल्यावर. सचिवांनी सांगितलेले चार भाग म्हणजे या चार वेळा. त्यामुळे «हे वाक्य कुठल्या मथळ्याखाली शोभेल?» असं न विचारता «हे वाक्य वाचणाऱ्याला नेमकं कधी लागेल?» असं विचारा. बहुतेक वाक्यं लगेच आपापल्या जागी जातील. जी जाणार नाहीत, त्यांच्यात सहसा एकाऐवजी दोन गोष्टी असतात. ती वाक्यं तोडावी लागतात.

ही मांडणी तशी जुनीच आहे. तांत्रिक लेखनासाठी डिटा नावाचं एक मानक आहे. आयबीएममध्ये तयार झालेलं हे मानक २००५ साली ओएसिस या संस्थेने स्वीकारलं. कृती सांगणाऱ्या लेखाचे पूर्वतयारी, पायऱ्या आणि परिणाम हे भाग त्यात सुरुवातीपासून आहेत. अडचणींसाठी स्वतंत्र जागा मात्र २०१५ च्या १.३ आवृत्तीत आली. तुम्हाला ते मानक शिकायची गरज नाही. सांगायचं इतकंच, की अडचणींचा भाग नीट लिहिणं मुरलेल्या लोकांनाही अवघड जातं. तुमचा जास्तीत जास्त वेळ तिथेच जाऊ द्या.

एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, ती आधी ठरवून टाका. सभासद हा लेख फोनवर वाचणार की तुम्ही कागदावर छापून देणार? माझं मत कागदाच्या बाजूने आहे. लॅपटॉपवर काम चालू असताना त्याच पडद्यावर लेख उघडा ठेवणं नवख्याला जमत नाही. पण कागदावर दुवे चालत नाहीत, म्हणून अडचणींचा भाग त्याच पानावर, फार तर पानाच्या मागे हवा. दुसरं म्हणजे विंडोजची आवृत्ती. विंडोज १० आणि ११ मध्ये हे काम एकाच रीतीने होतं, पण पानांची रचना आणि काही बटणांची नावं वेगळी आहेत. दोन्ही एकाच लेखात कंसाकंसाने घालू नका. मी पुढचं सगळं विंडोज ११ धरून लिहिते. १० वाले बरेच असतील, तर त्यांच्यासाठी दुसरा कागद करा.

पूर्वतयारी

इथे येणाऱ्या प्रत्येक ओळीला माझी एक कसोटी असते: वाचणाऱ्याला «हो» किंवा «नाही» असं स्वतः तपासून सांगता आलं पाहिजे. «विंडोजची नवीन आवृत्ती असावी» ही ओळ या कसोटीला उतरत नाही, कारण नवीन म्हणजे कुठली हे त्याला ठाऊक नसतं. त्याऐवजी असं लिहा: «Win आणि R एकत्र दाबा, आलेल्या चौकटीत खालचा शब्द लिहून Enter दाबा. उघडलेल्या खिडकीत Windows 11 दिसलं तरच पुढे जा.»

```
winver
```

इंटरनेटची ओळ तुमच्या मसुद्यात आहे, ती इथे आणा आणि कारणही जोडा: मराठीच्या फाइली डाउनलोड होतात. कारण कळलं की माणूस मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम भागवेल की नाही हे त्याचं तो ठरवतो. कुणी ऑफिसचा लॅपटॉप आणणार असेल, तर तिथे सेटिंग बदलायला बंदी असू शकते. तीही ओळ इथेच हवी, कारण हे अर्ध्या वाटेत कळलं की सगळाच वेळ वाया जातो.

आता फोनेटिकचं वाक्य. तुमच्या मसुद्यात ते शेवटाकडे आहे, म्हणजे माणसाने एक कीबोर्ड लावून झाल्यावर त्याला कळतं की दुसराही होता. निवड ही पूर्वतयारीतली गोष्ट आहे. आणि इंदुरात ही निवड पुण्या-मुंबईपेक्षा थोडी निराळी पडते. तुमच्या सभासदांमध्ये साधारण तीन प्रकारची माणसं असतील. फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणारी तरुण मंडळी, त्यांना फोनेटिक. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीवर बोटं बसलेले. त्यांना विंडोजचा नेहमीचा मराठी कीबोर्ड. आणि तिसरे, मध्य प्रदेशच्या सरकारी कार्यालयांतून निवृत्त झालेले, ज्यांनी आयुष्यभर रेमिंग्टन टाइपरायटरच्या धर्तीवर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये हिंदी टाइप केलं. त्यांचा वेग चांगला असतो, पण या दोन्ही कीबोर्डांवर त्यांची बोटं अडतात. त्यांना हे आधीच सांगायला हवं: «कृतिदेवची सवय असेल तर इथे कळा वेगळ्या जागी आहेत, फोनेटिकने सुरुवात करा.» एवढी ओळ नसेल तर ते कीबोर्ड नीट लावतील, टाइप करायला बसतील आणि कीबोर्ड बिघडलाय म्हणून तुम्हाला फोन करतील.

दोन्ही कीबोर्डांसाठी पायऱ्यांची एकच यादी ठेवून मधे «फोनेटिक हवे असल्यास…» असं घालू नका. जवळजवळ सगळी वाट एकच आहे. फोनेटिकवाल्यांना फक्त शेवटी एक तुकडा जास्त करायचा आहे. तो वेगळ्या छोट्या मथळ्याखाली द्या आणि पूर्वतयारीतच सांगून टाका की फोनेटिक हवं असणाऱ्यांनी मुख्य पायऱ्या संपवून तिकडे जायचं आहे.

पायऱ्या

मसुद्यातलं हे वाक्य बघा: «मराठी निवडून Install करावे, पण त्याआधी डिस्प्ले लँग्वेजची टिक काढावी.» वाचणारा वाक्याच्या शेवटापर्यंत पोचण्याआधी त्याचं बोट Install वर पडलेलं असतं. लोक आधी सगळं वाचून मग कृती करत नाहीत. वाचता वाचता करत जातात. आयबीएमच्या संशोधन केंद्रात १९८० च्या दशकात जॉन कॅरोल यांनी शिकाऊ लोकांना संगणकापाशी बसवून हेच पाहिलं होतं. माणसं पुस्तिका ओळीने वाचत नव्हती, उड्या मारत काम करायला बघत होती. म्हणून सावधगिरीची सूचना कृतीच्या आधीच्या ओळीत यायला हवी. त्याहून चांगलं म्हणजे तिचीच एक पायरी करायची, म्हणजे ती चुकवून पुढे जाताच येत नाही.

दुसरी सवय म्हणजे आधी जागा, मग कृती. «Add a language वर क्लिक करा, ते उजवीकडे आहे» असं लिहिलं की वाचणारा आधी सगळा पडदा धुंडाळतो. «उजवीकडे, Preferred languages च्या ओळीत, Add a language वर क्लिक करा» असं लिहिलं की नजर आधी योग्य ठिकाणी जाते. पडद्यावरची नावं पडद्यावर जशी दिसतात तशीच ठेवा, इंग्रजीतच. तुमच्या मसुद्यात «डिस्प्ले लँग्वेज» आहे, पण पडद्यावर ते शब्द रोमन लिपीत आहेत. नवखा माणूस अक्षरं जुळवून बघतो, अर्थ जुळवून नाही.

आणि क्रमांक फक्त कृतीला द्या. पडद्यावर काय घडतं याला वेगळा क्रमांक नको, ते त्याच पायरीच्या शेवटी येऊ द्या. नाहीतर «पाचव्या पायरीवर अडकलो» असं कुणी म्हटलं, तर तो काय करताना अडकला ते तुम्हाला कळणार नाही.

हे सगळं धरून तुमच्या पायऱ्या मी अशा लिहीन:

1. Win आणि I एकत्र दाबा. Settings उघडेल.
2. डावीकडच्या यादीत Time & language वर क्लिक करा. मग उजवीकडे Language & region वर.
3. Preferred languages च्या ओळीत Add a language वर क्लिक करा.
4. वरच्या शोधाच्या चौकटीत Marathi लिहा. खाली मराठी आलं की त्यावर क्लिक करून Next दाबा.
5. Set as my Windows display language या ओळीसमोर टिक आहे का बघा. असेल तर काढा.
6. Install दाबा. मराठी भाषांच्या यादीत येईपर्यंत आणि तिच्याखालची डाउनलोडची हालचाल थांबेपर्यंत ही खिडकी बंद करू नका.
7. Notepad उघडा आणि पांढऱ्या जागेत एकदा क्लिक करा.
8. Win दाबून धरा आणि Space दाबत राहा. उघडलेल्या छोट्या यादीत मराठी निवडलं गेलं की दोन्ही सोडा.

फोनेटिकचा तुकडा याच्या खाली, स्वतंत्र क्रमांकांनी: पुन्हा Language & region वर या, मराठीच्या ओळीतल्या तीन टिंबांवर क्लिक करून Language options उघडा, Keyboards खाली Add a keyboard दाबा, Marathi Phonetic निवडा, आणि शेवटी आठव्या पायरीसारखंच Win + Space ने त्यावर या. इतकंच.

पाचव्या पायरीत «टिक काढा» असं न लिहिता «असेल तर काढा» लिहिलं आहे, तेही मुद्दाम. टिक आधीच नसेल आणि लेखात नुसतं «काढा» असेल, तर आज्ञाधारक माणूस त्या चौकटीवर क्लिक करतो आणि टिक लावून बसतो. जिथे पडद्याची सुरुवातीची स्थिती माणसामाणसाच्या संगणकावर वेगळी असू शकते, तिथे कृती न सांगता शेवटची स्थिती सांगायची.

अपेक्षित परिणाम

मसुद्यात हा भाग अजिबातच नव्हता, आणि मला वाटतं तुमचे निम्मे फोन त्यामुळेच येत असावेत. «आता तुमचा मराठी कीबोर्ड तयार आहे» असं शेवटी लिहून भागत नाही. ते अभिनंदन झालं, आणि वाचणाऱ्याला ते पडताळता येत नाही. परिणाम असा लिहायचा की काम चुकलं असेल तर तो दिसूच नये.

इन्स्क्रिप्टसाठी एक सोपी चाचणी देता येते. नोटपॅडमध्ये या कळा एकामागून एक दाबायच्या, चौथी कळ Shift धरून:

```
c  j  e  Shift+'  r
```

«मराठी» हा शब्द उमटला पाहिजे. c वर म, j वर र, e वर काना, Shift धरून अवतरणचिन्हाच्या कळेवर ठ, r वर दीर्घ वेलांटी. हे कोष्टक सभासदांना द्यायची गरज नाही, कळा आणि शब्द पुरेत. नुसतं cje"r उमटलं, तर कीबोर्ड अजून इंग्रजीच आहे, हे तिथल्या तिथे कळतं. फोनेटिकसाठी marathi असं लिहायला सांगा. सुचवलेल्या शब्दांची छोटी यादी आली पाहिजे आणि तिच्यातून देवनागरी शब्द निवडता आला पाहिजे.

पण इंदुरात या चाचणीत एक फट राहते. इथल्या पुष्कळ लॅपटॉपांवर हिंदी कीबोर्ड आधीपासून असतो. विंडोजचा Hindi Traditional कीबोर्डही इन्स्क्रिप्टच्याच धर्तीचा आहे. म्हणजे माणसाने Win + Space एकदाच दाबून हिंदीवर थांबून वरच्या पाच कळा दाबल्या, तरी «मराठी» असंच उमटेल. चाचणी उत्तीर्ण, कीबोर्ड हिंदी. नोटपॅडमध्ये त्याने काही बिघडत नाही, पण वर्डमध्ये तो मजकूर हिंदी म्हणून नोंदला जातो, आणि हिंदीची शब्दतपासणी बसवलेली असेल तर सरळ मराठी शब्दांखाली लाल रेघा येऊ लागतात. म्हणून परिणामात दोन खुणा लिहा: पहिली, पाच कळांनी «मराठी» उमटलं, दुसरी, Win धरून Space दाबल्यावर येणाऱ्या यादीत निवडलेल्या ओळीवर मराठी आहे, हिन्दी नाही. आपल्या वाचकांच्या संगणकावर आधीपासून काय आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय परिणामाची ओळ पक्की होत नाही.

तिसरी एक ओळ मी नेहमी घालते: काय बदलणार नाही. «विंडोजचे मेनू आणि बटणं आधीसारखी इंग्रजीतच राहतील.» ही ओळ नसली तर काहींना वाटतं, मराठी लावली म्हणजे सगळं मराठीत दिसायला हवं होतं, आणि नीट झालेलं काम ते मोडत बसतात.

अडचणी

या भागातल्या ओळींची सुरुवात कारणाने नको, दिसणाऱ्या लक्षणाने हवी. «भाषा नीट इन्स्टॉल न झाल्यास» असं शीर्षक असेल, तर ते माणसाला स्वतःचं वाटत नाही, कारण भाषा नीट इन्स्टॉल झाली की नाही हेच तर त्याला कळत नाहीये. त्याला दिसतं ते इतकंच, की Win + Space दाबून काही होत नाही. तेच शीर्षक. खाली कारण एका वाक्यात, मग उपाय, आणि उपाय लागू पडला हे कसं ओळखायचं.

लिहिण्याआधी प्रत्येक अडचण हातात घेऊन विचारा: ही वर कुठे टाळता आली असती का? इंटरनेट नसल्याची अडचण पूर्वतयारीत गेली. टिकेची पाचवी पायरी झाली. हिंदी कीबोर्ड परिणामात पकडला गेला. उरलेल्याच इथे. माझ्या अनुभवात या गाळणीनंतर यादी निम्म्याने कमी होते, आणि उरलेली माणूस खरोखर वाचतो. तुमच्या लेखात मी या चार ठेवीन.

«Win + Space दाबून काहीच होत नाही.» संगणकावर एकच कीबोर्ड आहे, म्हणजे मराठी यादीत आलीच नाही. Language & region उघडून Preferred languages मध्ये मराठी आहे का बघा. नसेल तर तिसऱ्या पायरीपासून पुन्हा. असेल आणि खाली अजून डाउनलोड चालू असेल, तर ते संपू द्या. तुमच्या मसुद्यातलं «परत करून पाहावे» याने हेच सुचवायचं होतं, पण परत कुठून आणि कशासाठी, हे नव्हतं.

«सगळी विंडोज मराठीत झाली.» पाचवी पायरी निसटली की हे होतं, आणि हा सगळ्यात घाबरवणारा प्रकार आहे. इथे लिहिणाऱ्याची खरी परीक्षा असते. आपण सवयीने लिहू, «Time & language मध्ये जा». पण त्या माणसाच्या पडद्यावर आता ते शब्द नाहीतच! सगळी नावं मराठीत झाली आहेत. आपल्या लेखातलं एकही नाव त्याला जुळणार नाही. म्हणून उपाय असा हवा की जो पडद्याच्या भाषेवर अवलंबून नाही. Win आणि R दाबून त्या चौकटीत हे लिहायला सांगा:

```
ms-settings:regionlanguage
```

Enter दाबलं की भाषेचं पान थेट उघडतं, विंडोज कुठल्याही भाषेत असो. त्या पानावरची सगळ्यात वरची निवड म्हणजे पडद्याची भाषा. तिथे English निवडायचं आणि विचारल्यावर साइन आउट करून पुन्हा आत यायचं. चौकटीत टाइप करताना मराठी उमटत असेल, तर आधी Win + Space ने इंग्रजी कीबोर्डवर यायचं, हेही त्याच ओळीत लिहा. साइन आउट झाल्याशिवाय बदल दिसत नाही. «संगणक बंद करून चालू करा» हा सल्ला बहुधा इथूनच आला असेल. तो सगळ्या अडचणींना लावू नका. ज्या ठिकाणी कारण सांगता येतं, तिथेच ठेवा.

कुणी म्हणेल, इतकी छान वाट आहे तर मुख्य पायऱ्यांतच का नको? मी ती तिथे घालत नाही. मेनूच्या वाटेने गेलेला माणूस पुढच्या वेळी स्वतः तिथे पोचू शकतो. आणि नवख्याला ही ओळ बिनचूक टाइप करणं क्लिकपेक्षा अवघड जातं. अडकलेल्या माणसाला दुसरा पर्याय नसतो, म्हणून तिथे ती योग्य.

«एका खिडकीत मराठी उमटतं, दुसरीत गेलं की इंग्रजी होतं.» प्रत्येक खिडकीसाठी वेगळा कीबोर्ड ठेवण्याची सोय चालू आहे. Time & language मधलं Typing, त्यातलं Advanced keyboard settings, आणि तिथली Let me use a different input method for each app window ही टिक काढायची. हे कमी जणांना होतं, म्हणून यादीत खाली.

«जुन्या फाइलमधला मजकूर इंग्रजी अक्षरांच्या गिचमिडीसारखा दिसतो.» हे तुमच्या मसुद्यातलं «जुन्या फॉन्टमधल्या फाइली चालणार नाहीत». त्या वाक्याने माणूस घाबरतो, त्याला वाट काही सापडत नाही. ओळखायची रीत सांगा: त्या मजकुराची एक ओळ निवडून तिचा फॉन्ट Nirmala UI करा. अक्षरं देवनागरीच राहिली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या प्रमाण पद्धतीत आहे, काही करू नका. रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसू लागली, तर तो मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला आहे. आत साठवलेली अक्षरं रोमनच आहेत, फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देत होता. कीबोर्ड बदलून ते सुधारत नाही, मजकूर रूपांतरित करावा लागतो. रूपांतर कसं करायचं हे या कागदावर लिहू नका, तो स्वतंत्र लेख आहे. इथे फक्त «बाकी मजकुराचा फॉन्ट बदलू नका, पुन्हा टाइपही करू नका, फाइल अमुक व्यक्तीकडे द्या» एवढंच.

असाच आणखी एक विषय तुमच्या मनात येईल, «दुसऱ्या»मधला ऱ्या. इन्स्क्रिप्टवर तो Shift धरून j, मग d, मग य असा येतो. साधा र घेतला तर «दुसर्या» होतं. यादीत शोध घेताना हा फरक फार महागात पडतो, कारण शोधणारा एका रीतीने लिहितो आणि पुस्तक दुसऱ्या रीतीने नोंदलेलं असतं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तरी ती या लेखात नको. हा लेख कीबोर्ड लावण्याचा आहे आणि तो «मराठी» उमटल्यावर संपतो. नोंदी कशा टाइप करायच्या याचा कागद वेगळा करा आणि त्याची सुरुवातच याने करा.

तपासणी

लेख तयार झाला की स्वतःच्या लॅपटॉपवर तपासू नका, कारण तिथे मराठी आधीच आहे आणि पडदे वेगळे दिसतील. भाषेची निवड विंडोज खात्यागणिक ठेवतं. म्हणून त्याच संगणकावर एक नवीन खातं तयार करून त्यात पहिल्यापासून पायऱ्या करून बघा. मग वाचनालयातल्या एखाद्या काकांना किंवा मावशींना कागद देऊन बसवा आणि शेजारी बसून एक अक्षरही बोलू नका. त्यांनी «आता काय करू?» असं विचारलं तरी «कागदात काय लिहिलंय?» एवढंच म्हणा. बोट जिथे थांबेल, त्या पायरीच्या क्रमांकापुढे पेन्सिलीने खूण करा. बोट थांबलं म्हणजे बहुतेक वेळा जागा सांगायची राहिली आहे. बोट चुकीच्या ठिकाणी पडलं, तर पायरीत दोन कृती आहेत. आणि काम झाल्यावर त्यांनी तुमच्याकडे मान वर करून पाहिलं, तर परिणामाची ओळ अजून नीट झालेली नाही.

कागदाच्या तळाशी, लहान अक्षरांत, कुठल्या विंडोजवर आणि कुठल्या महिन्यात तपासलं ते लिहा. मायक्रोसॉफ्ट ही पानं अधूनमधून हलवतं. पुढच्या वेळी फोन आला की आधी winver विचारा. ती आवृत्ती तळाच्या ओळीपेक्षा नवी निघाली, तर दुसऱ्या ते सहाव्या पायरीतली नावं त्या माणसाच्या पडद्याशी एकेक करून जुळवून घ्या. इतर भागांना सहसा हात लावावा लागत नाही.